आबांसाठी सात चौकटी

वाडीतलं जाणतं माणूस गेलं की तासाभरात व्हॉट्सॲपवर एक चित्र फिरायला लागतं. मागे ढग, कोपऱ्यात समई, मधे आधार कार्डावरचा फोटो मोठा करून लावलेला आणि खाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली, शोकाकुल समस्त ग्रामस्थ’. हे चित्र आपलं काम चोख करतं. कोण गेलं, अंत्यविधी किती वाजता, हे मुंबईपासून आखातापर्यंत पोचतं. पण गेलेलं माणूस कोण होतं हे त्यातून कळत नाही, आणि कळावं अशी त्याची रचनाही नाही.

त्यासाठी गेल्या काही वर्षांत गावकीची मंडळं, बचत गट, माजी विद्यार्थ्यांचे गट वेगळी पोस्ट करू लागले आहेत. इन्स्टाग्रामवर एकाच पोस्टमध्ये ओळीने लावलेली पाच-सात चित्रं, बोटाने एकेक सरकवत बघायची. तिला कॅरोसेल म्हणतात; बोलताना ‘स्लाइडवाली पोस्ट’ असंच ऐकू येतं. एका पोस्टमध्ये वीसपर्यंत फोटो किंवा व्हिडिओ घालता येतात. एवढ्या कुणी बघत नाही. माझ्या मते आदरांजलीला सात चौकटी पुरतात, आणि साहित्य कमी असेल तर पाचही चालतात.

या पोस्टी बघताना सारखी एक गोष्ट खटकते. माणूस खरोखर मोठा असतो आणि चौकटीत शब्द असतात ‘मनमिळाऊ, कर्तव्यदक्ष, दानशूर, सर्वांचे लाडके’. या चार शब्दांवर नाव बदललं तर ते शेजारच्या वाडीतल्या कुणालाही लागू होतात. म्हणून मी एकच कसोटी धरतो. चौकटीतलं वाक्य घ्यायचं, त्यात दुसऱ्या कुणाचं नाव घालायचं आणि वाचायचं. वाक्य तरीही खरं वाटलं तर ते काढून टाकायचं.

हे कसं जमवायचं ते एका उदाहरणातून सांगतो. असे आबा कोकणात गावोगाव आहेत. इथले आबा मी त्यांच्यातूनच उभे केले आहेत, म्हणून नाव आणि वाडी लिहीत नाही. संगमेश्वर तालुक्यातली वाडी, शिमग्यात नमन करणारी. आबा तिथले मृदंगवाले. तरुणपणी मुंबईच्या गिरणीत साचेखात्यात बदली कामगार, लालबागला गावकीच्या खोलीत राहायला. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि कोकणातून आलेले पुष्कळ जण पुढे गावी परतले. आबा त्यांतले एक. पुढची सगळी वर्षं शेती, काजू आणि शिमगा आला की मृदंग. वाडीतली निम्मी घरं आता दिवा, नालासोपारा, विरारला आहेत. मंडळाचं इन्स्टाग्रामचं पान कॉलेजात शिकणारा त्यांचा एक नातू सांभाळतो.

पहिला प्रश्न पोस्ट कधी टाकायची याचा. निधनाच्या दिवशी टाकू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्या दिवशी बातमी सांगावी, तीही घरातल्या सगळ्या जवळच्या माणसांना फोन झाल्यावरच. बाप गेल्याचं मस्कतला असलेल्या मुलाला इन्स्टाग्रामवरून कळणं याला क्षमा नाही. आदरांजलीची पोस्ट दहाव्या-तेराव्याला टाकावी. मुस्लिम घरात चाळिसाव्याला, ख्रिस्ती घरात महिन्याच्या प्रार्थनेला असा दिवस धरता येतो. तोवर आठवडाभर हाताशी असतो. माणसं घरी येत-जात असतात, आठवणी निघत असतात, कपाटातले अल्बम बाहेर आलेले असतात. सगळं साहित्य याच दिवसांत गोळा होतं, पुढे ते पांगतं.

गोळा करताना विचारायचं काय, यावर बरंच अवलंबून असतं. ‘आबा कसे होते?’ असं विचारलं की समोरचा माणूस ‘देवमाणूस होते हो’ म्हणतो आणि डोळे पुसतो. त्याचं दुःख खरं असतं, पण चौकटीत लिहायला काही मिळत नाही. त्याऐवजी असं विचारावं: आबा तुम्हाला शेवटचे कधी भेटले, तेव्हा ते काय करत होते? ते कशावरून चिडायचे? त्यांच्याकडून तुम्ही काय शिकलात, ते त्यांनी कसं शिकवलं? त्यांच्या घरी गेलात की आधी काय दिसायचं? प्रत्येक प्रश्नाला एखादी वस्तू, एखादी कृती किंवा एखादं वाक्य उत्तरात येतं. तेच टिपून घ्यायचं, शक्यतो ज्याच्या त्याच्या शब्दांत. फोनवर रेकॉर्ड करायचं असेल तर आधी सांगावं.

आबांबद्दल असं विचारल्यावर तिघांकडून तीन गोष्टी आल्या. पहिली त्यांच्या वयाच्या एका सोबत्याची. शिमग्याच्या रात्री दव पडलं की मृदंगाचं चामडं सैल पडतं आणि आवाज बसतो. आबा काटक्या पेटवून त्या धगीवर मृदंग फिरवायचे, टिचकी मारून कान लावायचे, आणि मनासारखा आवाज लागला की मगच नमन उभं राहायचं. दुसरी आता दिव्याला राहणाऱ्या एका शिष्याची. वाडीत मृदंग एकच होता, म्हणून पोरांना आधी पाटावर हात बसवायला लावायचे. कुणाचा हात चुकला तर आबा ओरडत नसत. मृदंगावरचा हात काढून घ्यायचे, चुकलेल्याकडे बघत बसायचे आणि मग पहिल्यापासून सुरू करायचे. तिसरी गोष्ट सुनेची. तालमीच्या रात्री किती जणांचा चहा टाकायचा हे आबा कधीच सांगत नसत. काकी उंबऱ्याबाहेरच्या चपला मोजून आधण ठेवत.

ही तिसरी गोष्ट सहज निसटली असती. कर्त्या पुरुषाच्या आदरांजलीत घरातली बाई ‘त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुलगे, एक मुलगी’ एवढ्यापुरती उरते. पण वर्षानुवर्षं ज्या घरात तालमी झाल्या, त्या घराचा चहा, जाग्रण आणि दुसऱ्या दिवशीचं शेण-झाडलोट कुणी केली हे वाडीला माहीत असतं. काकींना विचारून, त्या हो म्हणाल्या तर, एक चौकट त्यांना द्यावी. आबांचा मान त्याने तसूभरही कमी होत नाही.

आता फोटो. आबांसारख्या माणसाचे फोटो फार नसतात. पासपोर्ट आकाराचा एक, लग्नाच्या अल्बममधला एक, नमनाच्या वेळचा घोळक्यातला एखादा आणि नातवाच्या फोनमधले चार. पासपोर्ट फोटोची रुंदी साडेतीन सेंटिमीटर. झेरॉक्सच्या दुकानातल्या स्कॅनरवर तो ६०० डीपीआयला स्कॅन केला तर रुंदीला सव्वाआठशे पिक्सेल मिळतात. ३०० ला केला तर चारशेच्या थोडे वर. इन्स्टाग्रामची चौकट १०८० पिक्सेल रुंद असते. म्हणजे ६०० वाला फोटो चौकटीचा बराच भाग स्वच्छ भरतो आणि ३०० वाला ताणला की चेहरा धुरकट होतो. दुकानात ‘सहाशेला करा’ एवढं सांगितलं की पुरतं.

स्कॅनर नसेल तर फोनने फोटोचा फोटो काढावा, पण फ्लॅश बंद करून. खिडकीजवळ, ऊन थेट पडणार नाही अशा ठिकाणी फोटो सपाट ठेवायचा आणि फोन त्याला अगदी समांतर धरायचा. भिंतीवरची तसबीर काचेसकट टिपली की काचेत ट्यूबलाइट आणि टिपणाऱ्याचा हात दिसतो, म्हणून काच उतरवता आली तर उतरवावी. मात्र जुना फोटो काचेला चिकटलेला असेल तर ओढू नये, चेहऱ्याचा थर काचेबरोबर निघून येतो. अशा वेळी काचेसकटच, जरा तिरक्या उजेडात, पाच-सहा वेळा टिपून त्यातला बरा निवडावा. चेहरा गुळगुळीत आणि उजळ करणारी ॲप मात्र वापरू नयेत. आबांच्या कपाळावरच्या आठ्या आणि गालावरचा वण गेला की फोटोतला माणूस वाडीला ओळखीचा राहत नाही. अंत्यदर्शनाचा फोटो तर कुणीही, कितीही आग्रह केला तरी घालू नये.

घोळक्यातल्या फोटोतून आबांचा चेहरा तेवढा कापून घेण्याचा मोह होतो. तो टाळावा. एक तर एवढासा चेहरा मोठा केला की फुटतो. दुसरं, त्या फोटोत संकासूर आहे, टाळकरी आहेत, मागे पालखी आहे. आबा जिथे शोभत होते ती जागाच ती आहे. फोटो पूर्ण ठेवावा आणि खाली लिहावं, ‘डावीकडून तिसरे, मृदंग घेतलेले’.

चौकटींचा आकार सगळ्यांना सारखा, उभा, १०८० बाय १३५० पिक्सेल. पहिल्या चित्राचं माप बाकीच्यांना लागू होतं. पहिलं चौकोनी आणि दुसरं उभं केलं तर दुसऱ्याची डोकी आणि पाय कापले जातात, आणि हे पोस्ट पडल्यावर लक्षात येतं.

मजकुराकडे वळू. पहिल्या चौकटीत फोटो, पूर्ण नाव, वाडीतलं हाकेचं नाव आणि एकच ओळ. ‘चाळीसहून अधिक शिमगे वाडीच्या नमनात मृदंग वाजवणारे आबा’. यात विशेषण नाही, काम आहे. जन्मसाल लिहिण्याआधी मात्र थांबावं. आपल्याकडच्या जुन्या पिढीत शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून असलेले असंख्य लोक आहेत. शाळेत नाव घालताना गुरुजींनी अंदाजाने घातलेली ती तारीख पुढे आधार कार्डापर्यंत गेली. आबांच्या थोरल्या बहिणीला विचारलं तर ती म्हणेल, ‘मोठ्या पुरात घर पडलं, त्या सालचा तो.’ सालाबद्दल खात्री नसेल तर ‘पंच्याऐंशीच्या घरात’ असं लिहावं. चुकीचं साल चित्रावर छापलं की पुढे तेच फलकावर आणि स्मरणिकेत जातं.

दुसऱ्या चौकटीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो. त्याला कारण आहे. पहिलं चित्र बघून कुणी न सरकवता पुढे गेलं तर इन्स्टाग्राम काही वेळा तीच पोस्ट त्याला पुन्हा दाखवतं आणि तेव्हा दुसरं चित्र समोर ठेवतं. म्हणजे दुसरी चौकट कुणाच्या तरी नजरेला पहिली पडणार असते. ती एकटी वाचली तरी कळली पाहिजे. तिथे नुसतं ‘त्यांचा जन्म एका गरीब शेतकरी कुटुंबात झाला’ असेल तर ती वाया गेली.

नातवाने आधी लिहिलेला मजकूर असा होता: ‘आबांना कलेची अतिशय आवड होती. ते उत्कृष्ट मृदंगवादक म्हणून संपूर्ण पंचक्रोशीत प्रसिद्ध होते. आपल्या कलेतून त्यांनी अनेक वर्षे समाजाची निःस्वार्थ सेवा केली व तरुण पिढीसमोर आदर्श ठेवला.’ यातलं एकही वाक्य खोटं नाही. पण नाव बदलून बघितलं तर भजनी बुवांना, दशावतारातल्या नटाला, बँडवाल्यालाही लागू पडतं. सोबत्याची गोष्ट घेतल्यावर तेवढ्याच जागेत हे बसलं:

‘नमन उभं राहण्याआधी आबा काटक्या पेटवायचे. मृदंग धगीवर फिरवायचे, टिचकी मारून कान लावायचे. दवाने सैल पडलेलं चामडं ताणलं की म्हणायचे, “चला, आता गणपतीला बोलवा.”’

पंचविसेक शब्द झाले. एका चौकटीला याहून जास्त देऊ नयेत, अगदीच गरज पडली तर पस्तीस. उत्कृष्ट वादक होते हे कुठेही म्हटलेलं नाही, पण आवाज लागेपर्यंत नमन थांबवून ठेवणारा माणूस वाचणाऱ्याला दिसतो. नमनात आधी गण होतो हे वाडीला ठाऊकच असतं, त्यामुळे शेवटचं वाक्य समजावून सांगावं लागत नाही. जे वाडीबाहेरचे वाचतील त्यांच्यासाठी चित्राखालच्या मजकुरात एक ओळ घालता येते.

तिसऱ्या चौकटीत मुंबई. ‘साचेखात्यात बदली कामगार. लालबागला गावकीच्या खोलीत बिऱ्हाड. १९८२ चा संप लागला, वर्षभर वाट पाहिली, मग गावी आले. खोलीवरचा मृदंग सोबत आणला.’ इथे एक अडचण येते. एक जण सांगतो आबा ब्याऐंशीच्या गणपतीला परत आले, दुसरा म्हणतो त्र्याऐंशीचा शिमगा. अशा वेळी ज्याचा आवाज मोठा त्याचं साल धरू नये. रेशन कार्ड कधी बदललं, धाकट्याचं नाव गावच्या शाळेत कधी घातलं, असा एखादा कागद मिळाला तर पाहावा. नाही मिळाला तर ‘संपानंतर गावी आले’ एवढं पुरे. संपाची तारीख पक्की आहे, ती आधाराला घेता येते.

चौथी चौकट पाटाची. नातवाला तोच पाट माळ्यावर सापडला तर त्याचाच फोटो घ्यावा, वर दोनच ओळी: ‘वाडीत मृदंग एकच. म्हणून पोरांचा हात आबांनी आधी या पाटावर बसवला.’ सगळ्या पोस्टमध्ये लोक सर्वाधिक काळ थांबतात ते अशा वस्तूच्या चित्रावर, असा माझा अनुभव आहे. फोटो नसलेल्या माणसाला तर वस्तूच तारतात: चष्मा, विळी, हिशेबाची वही, शिलाईचं मशीन.

पाचवी काकींच्या चपला मोजण्याची, सहावी दिव्याच्या शिष्याची, त्याच्याच शब्दांत. त्याचं बोलणं जसं आहे तसं ठेवावं. संगमेश्वरी बोलीत बोलला असेल तर तसंच. पुस्तकी करायला गेलं की ते त्याचं राहत नाही. मात्र छापण्याआधी त्याला पाठवून ‘हे असंच टाकू ना?’ म्हणून विचारावं. एखाद्याच्या फोनमध्ये आबांच्या वाजवण्याचा व्हिडिओ असेल तर या जागी तो वीस-पंचवीस सेकंदांचा घालावा आणि शिष्याचं बोलणं त्याखाली द्यावं. पार्श्वसंगीत म्हणून सिनेमातलं करुण गाणं लावू नये. आबांचा मृदंग ऐकायला मिळत असताना दुसऱ्या कुणाचा आवाज कशाला?

सातव्या चौकटीत लोकांना पुढचं सांगावं. आबांचा मृदंग आता कुणाकडे आहे, येत्या शिमग्यात कोण वाजवणार, आणि ‘तुमच्याकडे आबांचा फोटो किंवा रेकॉर्डिंग असेल तर मंडळाकडे द्या’. मंडळाचं नाव इथे, लहान अक्षरात, एकदाच. बॅनरवर गेलेल्या माणसापेक्षा श्रद्धांजली वाहणाऱ्यांचे फोटो जास्त दिसतात, तसं इथे अजिबात होऊ देऊ नये. पदाधिकाऱ्यांनी आग्रह धरला तर नावं चित्राखालच्या मजकुरात घालावीत. घरचा पत्ता, मुलांचे फोन नंबर, पैसे पाठवायचा क्यूआर कोड यांतलं काही चित्रावर नको. ही चित्रं उचलून खोटी वर्गणी मागणारे निघतात, आणि दहाव्याला सगळे नदीवर असताना घर रिकामं आहे हेही जगाला सांगायचं कारण नाही. आजाराचं नाव कुटुंबाने सांगा म्हटल्याखेरीज लिहू नये.

अक्षरांबद्दल थोडं सांगायला हवं, कारण चांगला मजकूर इथे फसतो. जुन्या डीटीपीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर फोनवरच्या ॲपमध्ये चिकटवला की अगम्य चिन्हं होतात. म्हणून सुरुवातीपासून युनिकोडमध्येच लिहावं. मुक्त किंवा तिरो देवनागरी मराठी हे फॉन्ट फुकट मिळतात आणि वाचायला स्वच्छ आहेत. चौकटीच्या मापात अक्षर चाळीस-पंचेचाळीस पिक्सेलपेक्षा लहान नको, कारण ती चौकट शेवटी सहा-सात सेंटिमीटर रुंदीच्या पडद्यावर, चष्मा शोधत असलेल्या माणसाने वाचायची आहे. दोन ओळींत अंतर इंग्रजीपेक्षा जास्त ठेवावं लागतं. नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांना भिडतात. दोन अक्षरांमधलं अंतर मात्र वाढवू नये, शिरोरेघ तुटते. आणि काही ॲप जोडाक्षरं मोडतात, पहिली वेलांटी भलत्याच अक्षराला लावतात. नवं ॲप घेतलं की ‘श्रद्धांजली’, ‘ज्येष्ठ’, ‘दुसऱ्या’, ‘किर्लोस्कर’ हे चार शब्द टाइप करून बघावेत. चारही नीट उमटले तर पुढे जावं. श्रद्धांजलीत ‘द’ला ‘ध’ जोडायचा असतो, ‘ध’ला ‘द’ नाही. शेकडो बॅनरवर तो उलटा छापलेला असतो, म्हणून एवढा एक शब्द दोन जणांनी तपासावा.

पांढऱ्या किंवा फिकट एकरंगी पार्श्वभूमीवर काळं अक्षर ठेवावं. फोटोवर मजकूर चढवायचा झाला तर चेहऱ्यापासून लांब, खाली, गडद पट्टीवर. फुलांच्या चौकटी, उडती कबुतरं, ढग यांची गरज मला कधी भासलेली नाही.

चित्राखालच्या मजकुरात साधारण २,२०० अक्षरं मावतात, पण न उघडता दिसतात त्या पहिल्या एक-दोन ओळीच. त्यात आबांचं नाव, वाडी आणि कार्यक्रमाचा दिवस यावा. हा मजकूर पोस्ट पडल्यावरही दुरुस्त करता येतो. चित्रावर छापलेली चूक मात्र दुरुस्त होत नाही. ती चौकट तरी काढून टाकावी लागते किंवा पोस्ट नव्याने टाकावी लागते आणि तोवर आलेल्या लोकांच्या आठवणी जातात. म्हणून ज्या गोष्टी बदलू शकतात त्या खाली ठेवायच्या, म्हणजे वेळ, ठिकाण, संपर्क. ज्या पक्क्या आहेत त्याच चित्रावर. दृष्टी गेलेल्या किंवा अधू झालेल्या वाचकांसाठी प्रत्येक चित्राचं वर्णन लिहायची वेगळी जागा इन्स्टाग्राममध्ये असते. तिथे ‘अंगणात मांडी घालून मृदंग वाजवणारे आबा, शेजारी दोन टाळकरी’ असं लिहिलं की फोन ते वाचून दाखवतो.

टाकण्याआधी सातही चौकटी घरच्यांना दाखवाव्यात, आणि एकालाच दाखवू नयेत. मुलाला चालेल ते काकींना चालेलच असं नाही. गिरणीतले हलाखीचे दिवस लोकांनी वाचू नयेत असं एखाद्या मुलीला वाटू शकतं. तिचं म्हणणं ऐकावं आणि चौकट बदलावी. या कामात घरच्यांचा शब्द शेवटचा.

वाडीतली वयस्क माणसं इन्स्टाग्रामवर नसतात, व्हॉट्सॲपवर असतात. तिथे सात चित्रं सुटी टाकली की फॉरवर्ड होताना क्रम मोडतो. पाचवी आधी येते, दुसरी येतच नाही. दोन उपाय आहेत. प्रत्येक चौकटीच्या तळाशी आबांचं नाव आणि ‘३/७’ असा क्रमांक बारीक अक्षरात द्यावा, म्हणजे एकटी फिरणारी चौकटही कुणाची ते कळतं. आणि सातही पानांची एक पीडीएफ करून तीच गटात टाकावी. ती फुटत नाही, चित्रंही आकसत नाहीत. मूळ फोटो पाठवताना ते डॉक्युमेंट म्हणून पाठवावेत, नेहमीसारखे फोटो म्हणून पाठवले तर दाबले जाऊन बारीक होतात. व्हॉट्सॲपचं स्टेटस चोवीस तासांत जातं, त्यावर भरवसा ठेवू नये.

पोस्ट पडल्यावर पहिल्या आठवड्यात खाली बरंच काही लिहून येतं. ‘ओम शांती’ आणि हात जोडलेली चित्रं खूप असतात, पण त्यांत एखादा लिहून जातो की लालबागच्या खोलीवर रविवारी आबा सगळ्यांना गावची भाकरी करून घालत, किंवा शेजारच्या गावचं नमन आबांनी एका रात्री मृदंग उसना देऊन वाचवलं होतं. अशी नोंद दिसली की त्या माणसाला फोन करावा आणि पूर्ण गोष्ट विचारून वहीत उतरवून ठेवावी. वर्षश्राद्धाला स्मरणिका काढायची झाली तर अर्धा मजकूर तिथेच तयार असतो. सगळे स्कॅन, व्हिडिओ आणि रेकॉर्डिंग पेन ड्राइव्हवर घेऊन एक प्रत घरी आणि एक मंडळाकडे द्यावी, कारण पान चालवणाऱ्या नातवाचा फोन हरवला किंवा खातं बंद पडलं तर इन्स्टाग्रामवरची प्रत हाताला लागेलच असं नाही.

चौकटीचं ४:५ हे माप फोटो स्टुडिओतल्या आठ बाय दहा इंची छपाईशी बरोबर जुळतं, काही कापावं लागत नाही. एवढं मात्र ध्यानात ठेवावं की १०८० पिक्सेलचं चित्र आठ इंचांवर छापलं तर इंचाला १३५ ठिपके पडतात. भिंतीवर हातभर अंतरावरून वाचायला ते चालतं, पण फोटो अधिक स्वच्छ हवे असतील तर चौकटी सुरुवातीलाच दुप्पट मापात, २१६० बाय २७०० पिक्सेलच्या, तयार कराव्यात आणि इन्स्टाग्रामसाठी त्यांची लहान प्रत काढावी. त्या छापून मंडळाच्या खोलीत ओळीने लावता येतात. शिमग्याला मुंबईहून आलेली पोरं तालमीला तिथेच बसतात.